पन्नास ग्रॅमची ट्यूब किती दिवस पुरायला हवी?

"डॉक्टर, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत शिकते. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे तिला कोरडे, जाड चट्टे आहेत. रात्री इतकी खाजवते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. इथल्या डॉक्टरांनी इसब सांगितला आणि ५० ग्रॅमचं मॉइश्चरायझर दिलं. गणपतीत आणलेली ती ट्यूब अजून चालू आहे, पण फरक काहीच नाही. उलट लावलं की जळतं म्हणून रडते. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने दोन दिवसांत बरं वाटतं, सोडलं की आठवड्याभरात परत येतं. दिवाळीत उटणं लावल्यापासून तर फारच वाढलंय. आता चट्ट्यांच्या कडेला पांढरे डागही दिसायला लागलेत. सासूबाई म्हणतात, इसब वरून दाबला की आत दमा होतो. त्यांनी वांगं, शेंगदाणे, दही, अंडं सगळं बंद केलंय. नेमकं काय करू?" — एक आई, नाशिक

ताई, आधी त्या ट्यूबचं बोलू, कारण बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं तिच्यातच आहेत.

आपल्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. मोठ्या माणसाचे बोटांसकट दोन तळहात झाकायला तेवढं पुरतं. या मापाने आठ वर्षांच्या मुलीचं हिशोब मांडून बघा. दोन हातांना पाच रेघा, दोन पायांना नऊ, छाती-पोट आणि पाठ मिळून साडेआठ, चेहरा-मानेला दोन. झाल्या साडेचोवीस रेघा, म्हणजे जवळपास १२ ग्रॅम. हे एका वेळेचं, आणि तेही पातळ थराचं. दिवसातून दोनदा लावलं तर २४ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी. इसबाच्या मुलांना आठवड्याला २५० ग्रॅम तरी मॉइश्चरायझर लागतं, असं आम्ही मानतो, ते याच हिशोबात थर थोडा जाड धरून.

यात तुमची चूक नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीही चिठ्ठीवर 'दिवसातून दोनदा लावणे' एवढंच लिहीत असे. किती लावायचं ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग एकदा एका आईला मी माझ्यासमोरच लावून दाखवायला सांगितलं. तिने ट्यूबमधून तुरीच्या दाण्याएवढं मलम काढलं, एका कोपराच्या चट्ट्यावर चोळून चोळून जिरवलं आणि झाकण लावलं. बाकी हात तसाच, पांढरट, भुकटी उडेल इतका कोरडा. औषध म्हणून दिलेलं मलम आपण जपूनच वापरतो, ती आपल्याला लागलेली सवय आहे. पण मॉइश्चरायझर हे त्या अर्थाने औषध नव्हे, आणि ते फक्त चट्ट्याला लावायचं नसतं.

का, ते सांगते. जुन्या घरातली सारवलेली जमीन आठवा. दर काही दिवसांनी सारवलं नाही की ती वाळते, भेगाळते आणि पायाखाली माती उखडायला लागते. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातही असंच सारवण असतं: पेशींच्या मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात, त्यामुळे आतलं पाणी आत राहतं आणि साबण, धूळ, जंतू बाहेर. इसब होणाऱ्या मुलांत हे सारवण जन्मतःच कमी पडतं. त्यातल्या बऱ्याच जणांत फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन नीट तयार होत नाही, आणि ते आईवडिलांकडून आलेलं असतं. म्हणून तिची कातडी जिथे चट्टा नाही तिथेही कोरडीच असते. नखाने हलकी रेघ ओढून बघा, पांढरी उमटेल. चट्टा कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीतच का येतो, तर तिथे कातडी सारखी दुमडते, घाम साचतो आणि कपडा घासतो. भेग आधी तिथे पडते. भेगेतून बाहेरचं काहीतरी आत गेलं की सूज येते, सुजेने खाज सुटते, खाजवलं की सारवण आणखी उखडतं. महिनोन्‌महिने हे चाललं की कातडी जाड होते, तिच्यावरच्या रेषा ठसठशीत दिसायला लागतात. तुम्ही 'जाड चट्टे' म्हणता ते हेच.

मॉइश्चरायझर म्हणजे रोजचं सारवण. ते अंगभर आणि रोज हवं, चट्टे नसतील त्या दिवशीसुद्धा.

आता आंघोळीकडे येते, कारण लावायची सगळ्यात चांगली वेळ तिथेच असते. नाशिकच्या थंडीत गीझरचं कढत पाणी अंगावर घेतलं की खाज क्षणभर थांबते, मुलांना ते फार आवडतं. पण कढत पाणी कातडीतलं उरलंसुरलं तेल धुऊन नेतं आणि तासाभरात खाज दुपटीने येते. पाणी कोमट ठेवा. तुमच्या स्वतःच्या कोपराने बघा, गरम असं लागताच कामा नये. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरकायची. साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यापुरताच. तोही नेहमीची वडी न घेता, साबण नसलेला सौम्य क्लिन्झर मिळतो तो घ्या. साध्या साबणाची वडी चांगलीच अल्कधर्मी असते आणि कातडी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे इसबाच्या कातडीला ती सोसत नाही. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायचं नाही, कडुलिंबाचा पालाही नको. घासणी, वजरी, पंचाने खसाखसा पुसणं, सगळं बंद.

उटण्याचंही त्यातच आलं. उटणं खरखरीत असतं, त्यातली सुगंधी द्रव्यं भेगांना झोंबतात आणि वर ते चोळूनच लावायचं असतं. पुढच्या नरक चतुर्दशीला तिला अभ्यंगस्नान जरूर घाला. अंगाला खोबरेल तेल हलक्या हाताने लावा, ते इसबाच्या मुलांना सहसा मानवतं. मोहरीचं तेल आणि ऑलिव्ह तेल मात्र नको. दोन्ही कातडीचं सारवण सैल करतात. उटणं बोटभर तळहाताला लावून ओवाळणीची हौस भागवा.

आंघोळ झाली की मऊ सुती कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. अंग किंचित ओलसर असतानाच, न्हाणीघरातून बाहेर यायच्या आधी, मॉइश्चरायझर लावायचं. तीन मिनिटं हे मी मुलांच्या आयांना देते ते गणित. त्यानंतर अंगावरचं पाणी उडून जातं आणि जाताना कातडीतलंही घेऊन जातं. लावायची पद्धतही बघा. तिचा हात सरळ करा, म्हणजे कोपराची घडी उलगडेल. खांद्यापासून मनगटापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर मलमाचे ठिपके द्या. मग तळहाताने वरून खाली, केसांच्या दिशेने, एकाच बाजूला पसरवत या. मागे-पुढे चोळायचं नाही. चोळल्याने केसांच्या मुळाशी मलम दाबलं जातं आणि बारीक पुळ्या येतात, शिवाय चोळण्यानेच खाज चाळवते. पूर्ण जिरवायचं नाही. हात किंचित चकाकत राहिला पाहिजे. दहा मिनिटांनी कपडे घाला. पायांनाही तसंच, मांडीपासून घोट्यापर्यंत, गुडघ्याची लवण उलगडून. सकाळी आंघोळीनंतर एकदा आणि रात्री झोपताना एकदा, एवढं तरी हवंच. शाळेतून आल्यावर हातपाय धुतले की लवणींना पुन्हा एक हात.

कोणतं आणायचं, हा पुढचा प्रश्न असणारच. इंग्लंडमध्ये साडेपाचशे मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चारही प्रकारांत परिणामाचा फरक आढळला नाही. मुलीला जे चालेल आणि रोज भरपूर लावणं तुम्हाला परवडेल, तेच तिच्यासाठी चांगलं. महागडी छोटी ट्यूब पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा कितीतरी बरा. त्यात वास नसावा, रंग नसावा, 'हर्बल' म्हणून टाकलेले अर्क नसावेत. माझं स्वतःचं धोरण असं: थंडीत ऑइंटमेंट किंवा जेली, कारण ती जास्त वेळ टिकते, मार्च संपला की क्रीम, कारण उन्हाळ्यात जेलीखाली घाम कोंडतो आणि घामोळं उठतं. युरिया असलेली क्रीमं मोठ्यांच्या टाचांना ठीक, मुलांच्या भेगांना ती झोंबतात. डबा असेल तर त्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने दिवसापुरतं वाटीत काढून घ्या. बोटांवरचे जंतू डब्यात जातात आणि मग तेच अंगाला लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली अंगावरून कपड्यांत, चादरीत मुरते आणि असं कापड ठिणगीने फार झटकन पेटतं. धुऊनही ते पूर्ण जात नाही. मलम लावल्यावर तिला गॅसजवळ, निरांजनाजवळ, फुलबाज्यांजवळ जाऊ देऊ नका.

आता जळण्याबद्दल. मॉइश्चरायझर जळतं म्हणून ते वाईट असं नसतं, बहुतेक वेळा कातडीला भेगा पडलेल्या असतात म्हणून ते जळतं. क्रीममध्ये पाणी असतं आणि ते टिकावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात, ती उघड्या भेगेत झोंबतात. जेली किंवा ऑइंटमेंटमध्ये पाणी नसतं, म्हणून ते सहसा झोंबत नाही. चट्टे भडकलेले असेपर्यंत लवणींना जेली वापरा, बाकी अंगाला क्रीम चालेल. डबा तासभर फ्रिजमध्ये ठेवला तर गार मलमाने खाजही शमते. पण जेली लावूनही जळत असेल, लावलेल्या जागेच्या बाहेरपर्यंत लालसर उठत असेल, तर त्या मलमाचीच अ‍ॅलर्जी असू शकते. ते थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. सध्या तिच्या लवणींत जे चाललंय, ते एकट्या मॉइश्चरायझरने विझणार नाही. चादरीवर रक्त येतंय म्हणजे आत सूज आहे, आणि सूज उतरवायला काही दिवस स्टेरॉइडचं मलम लागतं. सारवण करायच्या आधी जमिनीतला विस्तव विझवावा लागतो. हे ऐकून आया बिचकतात, म्हणून मी नीट उलगडून सांगते.

तुमच्या मेडिकलवाल्याने दिलेलं मलम बहुधा स्टेरॉइडच आहे, आणि साधंसुधं नाही. अशी जी मलमं बिनचिठ्ठी हातात पडतात, त्यांत पुष्कळदा खूप कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असे तिन्ही एकत्र असतात. दोन दिवसांत उतार पडतो तो त्यातल्या स्टेरॉइडने. तुम्ही घाबरून दोन दिवसांत सोडता, सूज वरवर उतरलेली असते, आत तशीच. आठवड्यात ती पुन्हा वर येते. असं महिन्यातून तीनदा-चारदा झालं की अंगात कडक स्टेरॉइड भरपूर जातं आणि इसब एकदाही पुरता बरा होत नाही. लवणीतली कातडी मुळात पातळ असते. कडक मलम तिथे महिनोन्‌महिने लागलं की ती कागदासारखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, रेषा पडतात. शिवाय चट्टा इसबाचा नसून गजकर्णाचा असेल, तर अशा मलमाने खाज थांबते पण गजकर्ण अंगभर पसरतं. गजकर्णाची कड उठावदार गोल असते, मधला भाग साफ होत जातो आणि ते सहसा जांघेत, कमरेला सुरू होतं. दोन्ही कोपर आणि दोन्ही गुडघे अशा जोडीने ते क्वचित येतं. ती ट्यूब फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा, म्हणजे आतापर्यंत काय लागलंय ते त्यांना कळेल.

माझ्याकडे तुमची मुलगी आली असती तर मी काय केलं असतं? तिच्या वयाला आणि जागेला चालेल असं मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम दिवसातून एकदा, रात्री, फक्त चट्ट्यांवर. चारही लवणींना मिळून त्या बोटाच्या पेराएवढी एक रेघ पुरते, अर्धा ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब रोज लावली तरी महिनाभर जाईल. इथे तुम्हाला दोन्ही मलमांचा स्वभाव कळेल: मॉइश्चरायझरची ट्यूब भराभर संपली पाहिजे आणि स्टेरॉइडची सावकाश. कित्येक घरांत याच्या नेमकं उलटं चाललेलं मी बघते. दोन्हींमध्ये वीसएक मिनिटं जाऊ द्या. आधी कोणतं याने फार बिघडत नाही, पण एकावर एक लगेच लावलं तर स्टेरॉइड पातळ होऊन नको तिथे पसरतं.

किती दिवस, तर खाज पूर्ण थांबून कातडी हाताला सपाट लागेपर्यंत, आणि त्यानंतर आणखी दोन दिवस. डोळे मिटून बोट फिरवा. चट्टा आणि शेजारची जागा यातला फरक बोटाला कळेनासा झाला पाहिजे. साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. जुन्या जाड चट्ट्याला थोडे जास्त. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर मलम आपण होऊन वाढवू नका, परत दाखवा. निदान चुकलं असेल किंवा वर जंतूंचा संसर्ग बसला असेल. एकदा साफ झाल्यावरही दर महिन्याला तिथेच उठत असेल, तर आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, समजा बुधवार आणि शनिवार, त्याच जागी मलम लावून इसब उठायच्या आधीच आवरता येतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं. टॅक्रोलिमस नावाचं बिनस्टेरॉइडचं मलमही त्यासाठी वापरतात. तिच्या वयाला ०.०३ टक्क्यांचं. पहिले काही दिवस ते लावल्यावर चुरचुरतं, मग कमी होतं.

भडका उठायच्या आधी त्याची चाहूल लागते, ती ओळखायला शिका. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. जागा जांभळट किंवा काळपट-तपकिरी होते, आणि त्याच्याही आधी नुसती खाज येते. अभ्यास करताना तिचा हात सारखा कोपराच्या लवणीत जायला लागला की त्याच रात्री मलम सुरू करायचं. चार दिवस वाट बघितली की चार दिवसांचं काम दोन आठवड्यांचं होतं.

पांढऱ्या डागांची तुम्हाला भीती वाटली असणार, बहुतेक आयांना कोडाचीच शंका येते. सूज उतरली की त्या जागेचा रंग काही महिने फिका राहतो. कडा अस्पष्ट, शेजारच्या कातडीत विरत जाणाऱ्या असतील आणि रंग खडूसारखा पांढराफटक नसेल तर ते इसबाचे डाग, आपोआप भरून येतात. कडक स्टेरॉइडनेही जागा फिकी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना एकदा दाखवाच.

आजींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यांनी जे पाहिलंय ते खरं आहे. ज्या मुलांना लहानपणी इसब होतो, त्यातल्या काहींना पुढे दमा किंवा सारख्या शिंका सुरू होतात. पण हे एकाच घराण्यातले आजार आहेत, एकाच प्रकृतीतून येणारे. इसब बरा केल्याने दमा आत ढकलला जात नाही. आजींना हे असं सांगून बघा: घरात दोन भावंडं असली आणि एक बाहेर गेलं म्हणून दुसरं जन्माला येत नाही.

पथ्याबद्दल मात्र मी आजींच्या बाजूने नाही. अंड्याची किंवा शेंगदाण्याची खरी अ‍ॅलर्जी असेल तर खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. तसं तिला कधी झालं असेल तर तो पदार्थ बंदच ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. तसं काही झालेलं नसेल, आधी ती हे सगळं मजेत खात होती, तर बंद करण्यात नुकसानच आहे. वाढत्या मुलीच्या ताटातून अंडं, दही आणि शेंगदाणे गेले की प्रथिनं कुठून येणार? शिवाय इसबाच्या मुलांत एखादा पदार्थ बरेच महिने पूर्ण बंद ठेवला, तर पुन्हा सुरू करताना खरी अ‍ॅलर्जी झालेली आढळू शकते. तुमच्याकडे बंद करून थोडेच दिवस झाले असतील, तर आताच परत सुरू करा. महिने उलटले असतील तर अंडं आणि शेंगदाणे डॉक्टरांना विचारूनच. वांग्याचा इसबाशी संबंध नाही. तोंडाभोवती आंबटाने झोंबत असेल तर जेवायच्या आधी ओठांभोवती थोडी जेली लावा.

रात्रीचं थोडं. खाजवू नकोस असं ओरडून काही होत नाही, झोपेत तिला कळतही नाही. नखं आठवड्यातून दोनदा कापा आणि कानशीने गुळगुळीत करा. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ, मऊ सुती झोपायचा ड्रेस. लोकरीचा स्वेटर थेट अंगाला लागू देऊ नका, आतून सुती. पांघरूण हलकं, ऊब वाढली की खाज वाढते. मध्यरात्री उठलीच तर खाजवण्याऐवजी त्या जागेवर गार ओलं फडकं ठेवा आणि वरून जेलीचा एक हात. खाजेच्या गोळ्यांचा इसबावर फारसा उपयोग होत नाही, काहींनी नुसती झोप येते. शाळेचा गणवेश सिंथेटिक असेल तर आत सुती गंजीफ्रॉक घाला, आणि दप्तरात छोट्या डबीत मॉइश्चरायझर द्या. पी.टी.च्या तासानंतर लवणींतला घाम साध्या पाण्याने धुऊन टिपायचा आणि मलम लावायचं, एवढं आठ वर्षांची मुलगी स्वतः करू शकते. बाईंना एक चिठ्ठी लिहून द्या की हा आजार कुणाला लागत नाही. शेजारची मुलं सरकून बसतात, ते मुलांना खाजेपेक्षा जास्त लागतं.

घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती बारीक पुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. मग उपचार सगळ्या घराचा एकाच दिवशी करावा लागतो. चट्ट्यांतून लस यायला लागली, मधासारखी पिवळी खपली धरली किंवा जागा गरम लागून दुखायला लागली, तर एकदोन दिवसांत दाखवा. आणि अंगावर एकाच मापाच्या बारीक फोडांचे किंवा टोचून काढल्यासारख्या जखमांचे पुंजके दिसले, सोबत ताप असेल, मूल मलूल असेल, तर सकाळची वाट बघू नका. नागिणीच्या जातीतल्या एका विषाणूने इसबावर होणारा तो संसर्ग असतो. त्याचं औषध वेळेत सुरू व्हावं लागतं, आणि डोळ्याजवळ असेल तर तासांचा प्रश्न असतो.

आज संध्याकाळी अर्ध्या किलोचा जेलीचा डबा आणा आणि झाकणावर पेनाने तारीख लिहा. त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना मेडिकलची ट्यूब, गणपतीतली ट्यूब आणि हा डबा तिन्ही पिशवीत घाला. तीन आठवड्यांनी डबा अर्ध्याहून जास्त भरलेला असेल, तर मला पुन्हा लिहा. आपण हिशोब परत मांडू.